रात्रपाळीची ओव्हर: रिपीट, संपत आलेला रिएजंट आणि बंद पडलेलं इलेक्ट्रोलाइट

प्रश्न: मी दोनशे खाटांच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करतो. सकाळी जाताना वहीत लिहितो, 'दोन रिपीट पेंडिंग. क्रिएटिनिन कमी आहे. इलेक्ट्रोलाइट मशिन बंद, इंजिनिअरला कळवलं.' सगळं खरं असतं, तरी मी घरी जाऊन झोपलो की तासाभरात फोन येतो. नोंदीत नक्की काय कमी पडतंय?

उत्तर:

तुमच्या तिन्ही ओळी खऱ्या आहेत, पण तिन्ही आठ वाजताची परिस्थिती सांगून थांबतात. सकाळच्या माणसाला साडेआठला काय करायचं, हे त्यांतल्या एकाही ओळीवरून कळत नाही. आयसीयूतून सिस्टर विचारतात, 'पोटॅशियमचं काय झालं?' आणि वहीत फक्त 'पेंडिंग' असतं. मग तो तुम्हाला फोन करणार नाही तर काय करणार? तेव्हा तुमच्या याच तीन ओळी एकेक करून उघडून बघू. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. लॅब मात्र तुमच्यासारखीच धरली आहे: एक मोठं बायोकेमिस्ट्रीचं मशिन, त्यातच सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडचं आयएसई युनिट, शेजारी अडीअडचणीला एक छोटं इलेक्ट्रोलाइट मशिन, आणि पाळी रात्री आठ ते सकाळी आठ.

आधी रिपीट. आपण 'रिपीट' या एका शब्दात तीन-चार वेगळी कामं कोंबतो. तोच सीरम पुन्हा लावायचा असतो, किंवा पातळ करून लावायचा असतो, किंवा नवीन रक्त मागवायचं असतं, किंवा सॅम्पल चांगलं असून क्यूसी जागेवर येईपर्यंत ते थांबलेलं असतं. चारही ठिकाणी पुढचं पाऊल वेगळं आहे. नोंदीत नुसतं 'रिपीट' लिहिलं की सकाळचा माणूस सर्वांत सोपं तेच करतो. ट्यूब उचलतो आणि पुन्हा लावतो.

आता समजा पहाटे सव्वापाचला पुरुष वॉर्डातून एक सॅम्पल आलं. पोटॅशियम 8.1, सोडियम 138, क्रिएटिनिन नॉर्मल. सीरम स्वच्छ पिवळा, हिमोलिसिसचा मागमूस नाही. आदल्या संध्याकाळी याच पेशंटचं पोटॅशियम 4.3 होतं. तुम्ही लगेच पुन्हा लावलं, पुन्हा 8.1 आलं. बरेच जण इथे 'दोनदा आलं म्हणजे खरं' म्हणून रिपोर्ट सोडतात. पण त्याच पेशंटच्या बाकीच्या टेस्ट बघा: कॅल्शियम 6.1 आणि अल्कलाइन फॉस्फेटेज 18. पोटॅशियम आभाळाला टेकलेलं आणि त्याच वेळी कॅल्शियम व एएलपी तळाला गेलेलं, हे चित्र ईडीटीएचं आहे. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतलं गेलं असेल, नाहीतर जांभळी ट्यूब आधी भरली गेली असेल. त्या ट्यूबमधलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, म्हणून पोटॅशियम वाढतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि एएलपीला लागणारे झिंक व मॅग्नेशियमही बांधतं, म्हणून ती दोन्ही पडतात. हा सीरम शंभर वेळा लावला तरी 8.1 च येईल, कारण चूक मशिनमध्ये नाही, ट्यूबमध्ये आहे.

इथे दोन गोष्टी सोबतच कराव्या लागतात. रिपोर्ट सोडायचा नाही, पण वॉर्डाला मात्र लगेच सांगायचं. आपला अंदाज चुकला आणि ते 8.1 खरंच असलं, तर तो पेशंट केव्हाही हृदय थांबण्याच्या टोकावर आहे. म्हणून ड्युटीवरच्या डॉक्टरांना 'पोटॅशियम 8.1 येतंय, ट्यूबमध्ये ईडीटीए मिसळल्याची दाट शंका आहे, ईसीजी बघा आणि नवीन सॅम्पल लगेच पाठवा, आधी साधी ट्यूब भरा, जांभळी नंतर' एवढं बोलून त्यांच्याकडून आकडा परत वदवून घ्यायचा. आणि ओव्हरमध्ये हे सगळं यायला हवं: कोणाला सांगितलं, किती वाजता, नवीन सॅम्पल आलं का, नसेल तर सकाळच्या माणसाने किती वाजेपर्यंत वाट बघून पुन्हा फोन करायचा. नोंदीतली सर्वांत महत्त्वाची सूचना तर नकाराची आहे: 'जुनी ट्यूब पुन्हा लावू नये.' ट्यूबवरही तसं लिहून ती रॅकमधून बाजूला काढून ठेवा. वही वाचायच्या आधी रॅक हाती घेणारी माणसं प्रत्येक लॅबमध्ये असतात.

दुसरं रिपीट डायल्युशनचं धरू. अमायलेज मशिनच्या मर्यादेपलीकडे गेलं म्हणून तुम्ही हाताने पातळ केलं: 100 मायक्रोलिटर सीरम, 900 मायक्रोलिटर नॉर्मल सलाइन. पडद्यावर 312 आलं, म्हणजे खरा आकडा 3120. तेवढ्यात इमर्जन्सीचं सॅम्पल आलं आणि हे अर्धवट राहिलं. आता नोंदीत 'अमायलेज डायल्युट केलंय' एवढंच असेल, तर सकाळी दोन प्रकारे घोळ होऊ शकतो. एक तर कोणी गुणायचंच विसरून 312 सोडेल. नाहीतर तुम्ही मशिनमध्ये दहाचा गुणक आधीच घातलेला असेल, पडद्यावर 3120 दिसत असेल, आणि कोणीतरी जागरूकपणे त्यालाही दहाने गुणेल. म्हणून डायल्युशनच्या नोंदीत तीन गोष्टी एकत्रच लिहाव्यात: किती पट, पडद्यावरचा आकडा काय, आणि तो गुणलेला आहे की गुणायचा आहे.

रिपीटबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, ती फारशी कोणी लिहीत नाही. थांबलेलं सॅम्पल नुसतं थांबत नाही, ते बदलत असतं. सेंट्रिफ्यूज न केलेली ट्यूब 'नंतर बघू' म्हणून फ्रिजमध्ये ठेवली, तर थंडीत तांबड्या पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, सीरम लाल दिसत नाही, हिमोलिसिसचा फ्लॅगही येत नाही. सकाळी लावलेलं 'रिपीट' मग रात्रीच्यापेक्षा वर येतं आणि सगळे मशिनवर संशय घेतात. साध्या ट्यूबमधली साखर बाहेरच्या तापमानाला पेशी खात राहतात, ताशी पाच ते सात टक्के. प्रोथ्रोम्बिन टाइमची निळी ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली तर थंडीने फॅक्टर सात जागा होऊ शकतो आणि वेळ खोटीच कमी येते. म्हणून प्रत्येक पेंडिंग सॅम्पलपुढे ट्यूब कुठे आहे, सीरम कधी वेगळा केला आणि झाकण लावलेलं आहे का, हे लिहा. दहा शब्द लागतात.

आणि पेशंट ओळखायचा तो लॅब नंबर आणि नावावरून. 'आयसीयू बेड चार' असं लिहू नका. सकाळी सातला राउंड झाला की बेड चारचा पेशंट वॉर्डात जातो आणि त्या बेडवर दुसराच कोणी येतो.

आता तुमची दुसरी ओळ, 'क्रिएटिनिन कमी आहे'. कमी म्हणजे किती, आणि कोणाच्या हिशेबाने? साडेसातला पडदा 96 टेस्ट शिल्लक दाखवतो असं समजा. रात्रपाळीला 96 म्हणजे चंगळ वाटते. पण सकाळी आठ ते अकरा ओपीडी आणि उपाशीपोटीची सॅम्पलं मिळून सत्तर-पंचाहत्तर येतात, वॉर्डाची सकाळची तीसेक असतात, दोन लेव्हलचा क्यूसी वेगळा, आणि एखाददुसरं रिपीट आलंच. म्हणजे अकराच्या आसपास पॅक संपणार, तेही नेमकं गर्दीत. त्यात पडद्यावरचा आकडा अगदी शेवटच्या थेंबापर्यंत खरा ठरतोच असं नाही. बाटलीच्या तळाशी थोडं उरतंच, आणि पॅक हलवून फेस आला असेल तर लेव्हल सेन्सर फेसालाच पातळी समजतो. म्हणून नोंदीत टेस्टच्या आकड्याशेजारी वेळ लिहावी: 'नेहमीच्या गर्दीत अंदाजे अकरापर्यंत पुरेल.' सकाळच्या माणसाला वेळ कळते, शिल्लक आकड्यावरून त्याला पुन्हा गणित मांडावं लागतं.

पण खरी गोम पुढच्या पॅकमध्ये आहे. फ्रिजमध्ये दोन पॅक आहेत, म्हणजे तुटवडा नाही, असं वाटतं. मात्र त्यांचा लॉट नंबर वेगळा आहे. नवा लॉट म्हणजे कॅलिब्रेशन, त्यानंतर दोन लेव्हलचा क्यूसी, आणि त्यानंतर काही पेशंट सॅम्पलं जुन्या व नव्या दोन्ही लॉटवर लावून आकडे जुळतात का ते बघणं. क्यूसी पास झाला तरी हे शेवटचं काम सोडू नये, कारण क्यूसीचं द्रव्य आणि पेशंटचा सीरम नव्या रिएजंटशी सारखेच वागतील याची खात्री नसते. क्यूसी आत असताना पेशंटचे आकडे सरकलेले असतात, आणि उलटही होतं. ही तुलना करायची तर जुन्या लॉटचं रिएजंट शिल्लक हवं. अकरा वाजता जुना पॅक कोरडा पडल्यावर नवा लावला, तर तुलनेला काहीच उरत नाही.

म्हणून मी असं लिहीन: नवा पॅक नऊला मशिनमध्ये बसवावा, जुना चालू असतानाच नव्याचं कॅलिब्रेशन आणि क्यूसी करून घ्यावा. मग सकाळी जुन्या लॉटवर झालेल्या सॅम्पलांपैकी पाच निवडून नव्यावर लावावीत, सगळी नॉर्मल नकोत, एक 0.7 च्या जवळचं, एक-दोन मधली, एक 4 च्या वरचं आणि डायलिसिसचं एखादं. जुन्या पॅकमध्ये वीसेक टेस्ट राखून ठेवाव्यात, म्हणजे आकडे जुळले नाहीत तर तपासायला आणि तातडीची सॅम्पलं चालवायला हाताशी काहीतरी असेल. कोणता पॅक चालू आणि कोणता राखीव ठेवायचा याची सोय प्रत्येक मशिनमध्ये वेगळी असते, पण ती असतेच. कॅलिब्रेटर उघडलेला आहे का, कधी विरघळवला आणि कधीपर्यंत चालतो, हेही त्याच ओळीत लिहा. नाहीतर नऊ वाजता पॅक हातात आणि कॅलिब्रेटर अजून डीप फ्रीजरमध्ये, अशी गत होते.

जाता जाता एक सांगतो, कारण ओव्हरच्या घाईतच हे घडतं. जुन्या बाटलीत उरलेलं रिएजंट नव्या बाटलीत ओतायचं नाही, लॉट एकच असला तरी नाही. उघडलेल्या बाटलीचे मशिनवरचे दिवस मोजलेले असतात. ओतलं की ती मुदत निरर्थक होते, आणि उद्या क्यूसी बिघडला तर कारण शोधायला जागाच उरत नाही. 'वाया जातं हो' असं म्हणणारे सगळीकडे भेटतात. जाऊ द्या वाया.

'ऑर्डर दिली आहे' हे वाक्यही तसंच फसवं आहे. इंडेंट लिहून स्टोअरच्या खिडकीत टाकला, की स्टोअरने तो पुरवठादाराला पाठवला, की माल निघाला आहे, यांतलं नक्की काय झालं ते लिहा. स्टोअर दहाला उघडत असेल तर रात्रपाळीचा इंडेंट दहापर्यंत नुसता कागद आहे.

आता मशिन. तुमच्या तीन ओळींत ही सर्वांत अपुरी आहे, म्हणून तिथे जरा जास्त थांबतो.

रात्री दहाला सोडियमचा क्यूसी दोन्ही लेव्हलला व्यवस्थित होता. पहाटे 4:40 ला तो पुन्हा लावला. खालच्या लेव्हलचं लक्ष्य 120, आलं 123.6. वरच्या लेव्हलचं लक्ष्य 150, आलं 153.9. एसडी दोन्हीकडे 1.5 धरली तर हे अनुक्रमे 2.4 आणि 2.6 एसडी वर आहेत. एकेकटं पाहिलं तर तीनच्या आत, म्हणून 'वॉर्निंग आहे, चालतंय' असं म्हणायचा मोह होतो. पण एकाच वेळी दोन्ही लेव्हल एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर गेल्या, तर वेस्टगार्डच्या नियमांत तो रिजेक्टच आहे. नशिबाने आलेली चूक अशी जोडीने एकाच दिशेला जात नाही. शिवाय दोन्ही आकडे साधारण तेवढ्याच टक्क्यांनी, तीनच्या आसपास, वर सरकले आहेत. इलेक्ट्रोड भरकटायला लागला की असंच दिसतं, कारण तो व्होल्टेज मोजतो आणि व्होल्टेज थोडं सरकलं की प्रत्येक आकड्याला ठरावीक टक्क्यांचा फटका बसतो.

तुम्ही क्यूसीची नवी बाटली लावली, तेच आलं. आयएसई धुऊन घेतलं, कंडिशनिंग केलं, कॅलिब्रेशन लावलं. सोडियमचा स्लोप 48 मिलिव्होल्ट आला. सिद्धांताप्रमाणे 37 अंशाला तो 61.5 च्या आसपास असायला हवा. नवा इलेक्ट्रोडसुद्धा तिथे पोहोचत नाही, म्हणून कंपनी खालची मर्यादा देते. आपल्या उदाहरणातल्या मशिनला ती 50 आहे असं धरा. कॅलिब्रेशनची वही मागे चाळली तर परवा 55, काल 52, आज 48. म्हणजे इलेक्ट्रोडचं आयुष्य संपत आलं आहे आणि तो बदलायलाच हवा. 'इंजिनिअरला कळवलं' या शब्दांत यातलं काहीच येत नाही. हे तीन आकडे कॉल लॉग करतानाच सांगितले, तर इंजिनिअर इलेक्ट्रोड सोबत घेऊन येतो. नाहीतर तो येतो, तपासतो, 'इलेक्ट्रोड गेलाय' म्हणतो आणि पार्ट आणायला परत जातो. म्हणून तक्रार नंबर, येण्याची सांगितलेली वेळ आणि 'पार्ट सोबत आणणार का' याचं उत्तर, तिन्ही ओव्हरमध्ये लिहा.

याहून नाजूक प्रश्न मागचा आहे. रात्री दहाला मशिन ठीक होतं, 4:40 ला नव्हतं. मग मधल्या साडेसहा तासांत सुटलेल्या सोडियमच्या रिपोर्टांचं काय? तीन टक्के वर म्हणजे 131 चं सोडियम 135 दिसणार. डॉक्टरांना ते नॉर्मल वाटणार, आणि कमी झालेलं सोडियम झाकलं जाणार. म्हणून मागे मागे जात काही सीरम छोट्या मशिनवर लावून बघायचे. समजा 4:20 च्या सॅम्पलमध्ये फरक 4, 3:50 ला 4, 3:10 ला 3, पण 2:15 ला 1, 1:30 ला 0, 12:50 ला 1. यावरून कळतं की भरकटणं सव्वादोननंतर सुरू झालं.

इथे एक शंका रास्त आहे. मोठं मशिन सीरम पातळ करून मोजतं आणि छोटं मशिन थेट मोजतं, मग फरक पद्धतीचाच असेल तर? तसं असतं तर फरक रात्रभर सारखा दिसला असता. आधीच्या सॅम्पलांत दोन्ही मशिनं जुळतात आणि सव्वादोननंतरचीच फुटतात, म्हणजे दोष इलेक्ट्रोडचाच. अपवाद फक्त खूप जास्त प्रोटीन किंवा दुधाळ, चरबीयुक्त सीरमचा. तिथे पातळ करून मोजणारं मशिन सोडियम खोटंच कमी दाखवतं, म्हणून असं सॅम्पल या तुलनेत घेऊ नका.

तर सव्वादोननंतर सुटलेले रिपोर्ट नऊ असतील, त्यांतले सहा तपासून झाले असतील, तीन राहिले असतील, तर ते तीन लॅब नंबर ओव्हरमध्ये हवेतच. ज्यांचे आकडे बदलणार आहेत त्यांचे सुधारित रिपोर्ट मॅडमच्या सहीने निघतील, आणि वॉर्डाला फोन केलेला आहे की करायचा आहे, हेही लिहा. आयएसओ 15189 खाली एनएबीएलचं ऑडिट होणाऱ्या लॅबमध्ये ऑडिटर नेमकं हेच विचारतात: क्यूसी बाहेर गेल्यावर आधीच्या पेशंटांचं काय केलंत? पण ऑडिट नसलं तरी तो 131 चा पेशंट आहेच.

आता मशिन बंद ठेवण्याबद्दल. खराब आहे फक्त सोडियम. पोटॅशियम आणि क्लोराइडचा क्यूसी आत आहे. काही जण नुसतं सोडियम बंद करून बाकी दोन चालू ठेवतात, आणि तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही. मी मात्र तिन्ही बंद करून छोट्या मशिनवर न्यायच्या मताचा आहे. एकाच पेशंटचं सोडियम एका मशिनचं आणि पोटॅशियम दुसऱ्याचं, असा खेळ सकाळच्या गर्दीत कोणाच्या तरी हातून चुकणार, आणि इलेक्ट्रोड बदलताना युनिट तसंही उघडावं लागणार. बंद करायचं म्हणजे पडद्यावर टेस्ट मास्क करायची, म्हणजे बारकोड लावला तरी ती ऑर्डरच होणार नाही. आणि मशिनच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत कागद: 'आयएसई बंद. बाकी टेस्ट चालू.' नुसतं 'मशिन बंद' लिहिलं तर कोणीतरी ग्लुकोज आणि युरियाही थांबवून ठेवतं.

आता छोट्या मशिनकडे बघा, कारण तिथे तुमची दुसरी आणि तिसरी ओळ एकत्र येतात. ते एका वेळी एकच सॅम्पल घेतं. रात्री पाच-दहा सॅम्पलांना ते पुरलं, सकाळी साठ येतील. त्याचा रिएजंट पॅक 35 टक्के दाखवतोय. रोजच्या वापराने तो आठवडाभर गेला असता, आज मात्र दुपारपर्यंत संपेल. दुसरा पॅक स्टोअरमध्ये, आणि स्टोअर दहाला उघडतं. म्हणून ओव्हरमध्ये क्रम लिहून द्या: आयसीयू, इमर्जन्सी आणि डायलिसिस आधी, ओपीडीचे सीरम वेगळे करून, झाकण लावून ठेवावेत, मोठं मशिन सुरू झालं की लावावेत. रिसेप्शनलाही सांगा, इलेक्ट्रोलाइटचे ओपीडी रिपोर्ट दुपारनंतर मिळतील. हा एक निरोप सकाळचे निम्मे वाद वाचवतो.

मशिन पुन्हा चालू कसं करायचं, तेही आत्ताच लिहून ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही तिथे नसाल. इंजिनिअर यायच्या आधी युनिटची बाहेरून स्वच्छता करून द्यावी, तोही माणूसच आहे. इलेक्ट्रोड बदलल्यावर तो स्थिरावू द्यावा, मग कॅलिब्रेशन, दोन्ही लेव्हलचा क्यूसी, आणि छोट्या मशिनवर झालेली पाच सॅम्पलं, कमी-मध्यम-जास्त अशी निवडून, मोठ्यावर लावून तुलना. इंजिनिअर 'झालं मॅडम' म्हणाला म्हणजे त्याचं काम झालं. मशिन पेशंटसाठी खुलं करायचा निर्णय लॅबच्या इनचार्जचा असतो. त्यांची सही झाली की मास्क काढायचा, आणि कागदही तेव्हाच.

हे सगळं वाचून वाटेल की ओव्हर म्हणजे निबंध झाला. तसं नाही. वरचं सगळं वहीत असं बसतं:

'रिपीट. लॅब नं. 4471, पुरुष वॉर्ड: पोटॅशियम 8.1, कॅल्शियम 6.1, एएलपी 18, ईडीटीएची शंका. रिपोर्ट सोडलेला नाही. 5:30 ला ड्युटी डॉक्टर व सिस्टरना सांगितलं, परत वदवून घेतलं. नवीन सॅम्पल अजून आलेलं नाही. 8:15 पर्यंत न आल्यास वॉर्डाला फोन. जुनी ट्यूब पुन्हा लावू नये, लाल रॅकमध्ये बाजूला आहे.

लॅब नं. 4458: अमायलेज, दहापट डायल्युशन, पडद्यावर 312, गुणलेलं नाही. खरा आकडा 3120, रिपोर्ट बाकी. सीरम वेगळा, झाकण लावून फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात.

रिएजंट. क्रिएटिनिन 7:30 ला 96 टेस्ट, अंदाजे अकरापर्यंत. पुढचा पॅक नव्या लॉटचा. नऊला बसवून कॅलिब्रेशन, क्यूसी, पाच सॅम्पलांची तुलना. जुन्याच्या वीस टेस्ट राखाव्यात. कॅलिब्रेटर 7:15 ला विरघळायला ठेवला आहे. छोट्या इलेक्ट्रोलाइटचा पॅक 35 टक्के, इंडेंट स्टोअरच्या खिडकीत टाकला आहे, दहाला आणावा.

मशिन. आयएसई 4:45 पासून बंद, मास्क केलं आहे. शेवटचा चांगला क्यूसी रात्री दहाचा. सोडियम स्लोप 55, 52, 48. तक्रार नंबर मागच्या पानावर, इंजिनिअर साडेदहाला, इलेक्ट्रोड सोबत आणणार असं म्हणाला. सव्वादोननंतरचे नऊ रिपोर्ट संशयास्पद, सहा तपासले, 4439, 4442, 4447 बाकी. सुधारित रिपोर्ट मॅडमच्या सहीनंतर, वॉर्डांना अजून कळवलेलं नाही. इलेक्ट्रोलाइट छोट्या मशिनवर, आयसीयू, इमर्जन्सी, डायलिसिस आधी.'

एका पानात मावतं. प्रत्यक्षात जिथे 'ड्युटी डॉक्टर' लिहिलं आहे तिथे नाव लिहा. पाळी बदलली की 'ड्युटी डॉक्टर' म्हणजे कोण, हे कोणालाच सांगता येत नाही.

लिहायला साडेसातला बसू नका. क्यूसी बाहेर गेला की तेव्हाच ओळ टाका, वॉर्डाला फोन केला की तेव्हाच वेळ टाका. शेवटी फक्त शिल्लक आकडे भरायचे. आणि वही टेबलावर ठेवून निघू नका. समोरच्याला घेऊन पाच मिनिटं फिरा: ही बाजूला काढलेली ट्यूब, हा झाकणावरचा कागद, हा फ्रिजमधला कप्पा. त्याने वाचून सही केली की तुमची पाळी संपली. तो उशिरा येणार असेल, तर इनचार्जना किंवा दुसऱ्या टेबलावरच्या टेक्नॉलॉजिस्टला ओव्हर द्या, पण सही कोणाची तरी घ्याच. काही खोडायचं असेल तर एक आडवी रेघ, सही आणि वेळ. व्हाइटनर नको, कारण पुढेमागे कोणत्या रिपोर्टवर प्रश्न आला तर हेच पान काढलं जातं.

या पानाचा फोटो लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्यात पेशंटचं नाव आणि रिपोर्ट एकत्र असतात, म्हणून टाकू नका. ग्रुपवर फारतर 'आयएसई बंद, इंजिनिअर साडेदहाला' एवढं पुरे.